विचारणारं कुणी नसतं तेव्हा

स्मरणशक्ती तपासायची म्हटलं की समोर कुणीतरी बसतं आणि प्रश्न विचारतं. मघाशी सांगितलेले पाच शब्द कोणते? आज वार काय? काल संध्याकाळी कोण भेटायला आलं होतं? उत्तर येतं किंवा येत नाही, त्यावर गुण मिळतात. या सगळ्यात एक गोष्ट सहज निसटते, ती म्हणजे विचारणं हीच मोठी मदत असते. प्रश्न कानावर पडला की मन शोधायला लागतं. शोधायची वेळ झाली आहे, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं.

रोजच्या जगण्यातल्या बऱ्याच आठवणींना ही मदत मिळत नाही. बाहेर पडताना शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायची आहे, हे सकाळी ठरवलेलं असतं. दुपारी दार ओढून घेताना "किल्ली दिलीस का?" असं विचारायला तिथे कुणी नसतं. हात कुलपात, लक्ष पुढच्या कामात, आणि तरीही त्या क्षणी किल्लीचं आपलं आपण सुचायला हवं. पाच मिनिटं आधी सुचून उपयोग नाही आणि जिना उतरून गेल्यावर सुचलं तर परत चढावं लागतं. या क्षमतेला मानसशास्त्रात प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी म्हणतात. पुढे करायच्या कामाची, वेळेवर आणि न विचारता येणारी आठवण.

मेंदूला इजा झालेल्या आणि वय झालेल्या माणसांबरोबर मी काम करते. घरच्यांच्या तक्रारी ऐकताना असं दिसतं की माणसांना सर्वांत जास्त दुखावतं ते हेच विसरणं. नाव विसरलं तर लोक हसून सोडून देतात. सांगितलेलं काम विसरलं की मात्र "तुला आमची किंमतच नाही" इथपर्यंत गोष्ट जाते. कारण इथे स्मृतीतला दोष बाहेरून स्वभावातल्या दोषासारखा दिसतो. मला हा गैरसमज फार लागतो, म्हणूनच हा लेख.

आधी एक फरक पक्का करून घेऊ. अशा प्रत्येक आठवणीचे दोन भाग असतात. काय करायचं आहे आणि केव्हा, हा झाला मजकूर. तो साध्या स्मृतीत साठवलेला असतो. दुसरा भाग म्हणजे वेळ आल्यावर हा मजकूर आपणहून वर येणं. पहिला भाग शाबूत असताना दुसरा कोलमडू शकतो, आणि हे ओळखायची सोपी खूण आहे. काम राहून गेल्यावर शांतपणे विचारायचं, "आज चार वाजता तुम्हाला काही करायचं होतं का?" समोरची व्यक्ती ताबडतोब "अरे हो, डोळ्यांत थेंब घालायचे होते" म्हणाली, तर मजकूर जागेवर आहे आणि चुकलं ते वर येणं. पण ती कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिली, आठवण करून दिल्यावरही असं काही ठरलंच नव्हतं म्हणाली, तर मामला वेगळा आहे. तिथे साठवणच होत नसावी, आणि असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं. घरी बहुतेक वेळा हा प्रश्न नीट विचारलाच जात नाही. विचारला तरी "कसं काय विसरलात?" असा, आणि त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही.

डोळ्यांच्या थेंबांचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या आईला दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. शिवाय रक्तदाबाची गोळी तिला आधीपासून होती, दुपारच्या जेवणानंतरची. ती गोळी तिची कधी चुकत नसे. सकाळचे, जेवणानंतरचे आणि झोपतानाचे थेंबही नीट जात. राहायचे ते चार वाजताचे, आणि तेही जवळजवळ रोज. बहीण म्हणायची, तीन वेळचं लक्षात राहतं आणि चौथ्या वेळचंच कसं राहत नाही? यात तिला हलगर्जीपणा दिसत होता. मला त्यात जवळजवळ पाठ्यपुस्तकातला नमुना दिसत होता.

जेवणानंतरच्या गोळीला जेवण आठवण करून देतं. ताट उचललं की गोळीची डबी नजरेसमोर. थोडक्यात, प्रश्न विचारणारं काहीतरी बाहेर हजर असतं. चार वाजण्याला मात्र रूप नाही, आवाज नाही, वास नाही. तीन वाजून छप्पन्न मिनिटांपेक्षा चार वाजता जग वेगळं दिसत नाही. वेळेवर आधारलेलं काम करायचं तर हातातल्या कामातून आपणच अधूनमधून बाहेर यायचं, घड्याळ बघायचं, वेळ झाली नसेल तर परत कामात जायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर यायचं. हे कुणीही न सांगता करायचं असतं.

फर्गस क्रेक यांनी १९८६ मध्ये वार्धक्यातल्या स्मृतीबद्दल मांडलेला विचार इथे फार उपयोगी पडतो. त्यांच्या मते वयाचा फटका सगळ्या आठवणींना सारखा बसत नाही. बाहेरून जितकी कमी मदत आणि मनाला स्वतःहून जितकं जास्त करावं लागतं, तितका तो मोठा. समोर ठेवलेली गोष्ट ओळखण्यात वयाने थोडाच फरक पडतो, आधाराशिवाय आठवण्यात जास्त, आणि न विचारता आठवण्यात सर्वांत जास्त पडायला हवा. असं असेल तर पुढे करायच्या कामांची आठवण ही म्हातारपणी सर्वांत आधी ढासळणारी गोष्ट ठरते.

चार वर्षांनी गाइल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल यांनी हे प्रयोगशाळेत तपासलं. लोकांना शब्द लक्षात ठेवण्याचं एक काम दिलं आणि त्यातच सांगून ठेवलं की अमुक एक शब्द दिसला की ही कळ दाबा. नंतर त्या सूचनेचा उल्लेख केला नाही. म्हातारी माणसं मागे पडतील अशी अपेक्षा होती, पण ती तरुणांच्या बरोबरीने निघाली. पुढे १९९५ मध्ये त्याच संशोधकांनी शब्दाऐवजी वेळ दिली, इतक्या मिनिटांनी कळ दाबा असं सांगितलं, तेव्हा मात्र फरक उघडा पडला. वयस्क माणसं घड्याळाकडे कमी वेळा वळत होती. वेळ जवळ येत जाते तसं घड्याळ जास्त वेळा बघणं हे या कामातलं मर्म असतं. सुरुवातीला निर्धास्त राहायचं आणि शेवटच्या काही मिनिटांत वारंवार बघायचं. ते शेवटचं वारंवार बघणंच वयाबरोबर ओसरतं.

म्हणजे क्रेक यांचा अंदाज अर्धा खरा ठरला, आणि त्या अर्ध्यातून फार काही शिकायला मिळालं. दिसणारी खूण असली तरी ती हातातल्या कामाच्या वाटेवर आहे की बाजूला, यानेही फरक पडतो. शब्द वाचायचंच काम असेल तर ठरलेला शब्द आपोआप नजरेखालून जातो, आणि तो वाचताना त्याला जोडलेलं काम बऱ्याचदा आपसूक आठवतं. पण शब्दांचा अर्थ लावायचं काम चालू आहे आणि खूण आहे ती शब्दातल्या एखाद्या अक्षरजोडीची, तर ती टिपायला वेगळं लक्ष राखून ठेवावं लागतं. हे राखीव लक्ष वयाबरोबर कमी पडतं. आपोआप होणारी आठवण बरीच टिकून राहते आणि पहारा देऊन मिळवायची आठवण थकते.

यातूनच एक कोडं उभं राहतं, आणि या क्षेत्रातल्या लोकांना त्याने बराच काळ गुंतवून ठेवलं. प्रयोगशाळेत मागे पडणारी हीच वयस्क माणसं घरी मात्र तरुणांपेक्षा सरस ठरतात. इतक्या वाजता फोन करा, इतक्या तारखेला पत्र टाका, अशी कामं घरी दिली तर म्हातारी माणसं जास्त वेळा ती पार पाडतात. डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये संधिवाताच्या १२१ रुग्णांच्या गोळ्यांची चार आठवडे नोंद ठेवली, प्रत्येक वेळी बाटली उघडल्याची वेळ टिपणाऱ्या झाकणांच्या मदतीने. गोळ्या चुकवण्यात आघाडीवर होती ती कामाच्या धबडग्यात अडकलेली मध्यमवयीन माणसं. वयस्क माणसांनी फारच कमी गोळ्या चुकवल्या.

याचा अर्थ प्रयोगशाळा खोटी असा होत नाही. घरी माणसाला आपल्या दिवसावर ताबा असतो. डबी कुठे ठेवायची, फोन कोणत्या कामाला जोडून करायचा, हे तो ठरवू शकतो. दिवस एका घडीचा असेल तर खुणा ठरलेल्या जागी भेटत राहतात. शिवाय आपण विसरतो हे कळलेला माणूस खबरदारी घेतो. तरुणाचा भरवसा डोक्यावर असतो, म्हाताऱ्याचा टेबलावर ठेवलेल्या वस्तूवर. वयस्क माणूस क्षमतेची उणीव अशी मांडणीने भरून काढतो. म्हणूनच ती मांडणी मोडली की तो उघडा पडतो. घर बदललं, मुलांकडे राहायला गेले, रुग्णालयात दाखल झाले, की "इथे आल्यापासून बाबांचं फार विसरणं वाढलं" असं ऐकू येतं. पुष्कळदा मेंदू तोच असतो, पण आजूबाजूच्या खुणा मागे राहिलेल्या असतात.

आईच्या चार वाजताच्या थेंबांसाठी आम्ही मोबाइलमध्ये गजर लावला. गजर वाजायचा, आई तो बंद करायची, आणि तरीही काही वेळा थेंब राहायचे. बहिणीला याचा राग आला आणि तिचा राग मला समजत होता. गजर ऐकल्यावरही विसरायचं म्हणजे काय?

याचं उत्तर २००० साली छापून आलेल्या एका प्रयोगात आहे, आणि तो प्रयोग माझ्या मते या विषयातला सर्वांत डोळे उघडणारा आहे. पुन्हा आइनस्टाइन, मॅकडॅनियल आणि सहकारी. लोक मजकूर वाचत होते. ठराविक शब्द दिसला की कळ दाबायची होती, पण लगेच नाही. चालू टप्पा संपून पुढचा सुरू झाला की मगच. मधलं अंतर किती, तर १० किंवा ३० सेकंद. खूण दिसली, काम आठवलं, आता फक्त काही सेकंद धरून ठेवायचं, इतकंच. वयस्क माणसांच्या हातून ते मोठ्या प्रमाणावर निसटलं. ३० सेकंदांत जितकं निसटत होतं, जवळजवळ तितकंच १० सेकंदांतही निसटत होतं. हळूहळू झिजत जाणारी ही आठवण नव्हती. लक्ष दुसरीकडे वळलं की ती त्याच क्षणी हातातून सुटत होती.

आता गजराकडे पाहा. चार वाजले, गजर झाला, आई फोनवर बहिणीशीच बोलत असेल. "हे बोलणं संपलं की घालते" असं मनात म्हणत तिने गजर बंद केला. झालं. खूण येऊन गेली, आणि काम मात्र पुन्हा आधाराशिवाय उरलं. आता त्याची आठवण करून देणारं काहीच नाही. त्या वयात गजराने नुसतं आठवून दिलेलं पुरत नाही. काम होईपर्यंत खूण समोर राहावी लागते. आम्ही नियम बदलला. गजर झाला की तो बंद करायच्या आधी थेंबांची बाटली हातात घ्यायची, आणि काम होईपर्यंत ती हातातून खाली ठेवायची नाही. बोलणं चालू असेल तर एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात बाटली. फरक लगेच दिसला, कारण "धरून ठेवणं" आता मनाकडून हाताकडे गेलं होतं.

दुसरी एक चूक याच्या उलटी आहे आणि कधी कधी जास्त धोक्याची. काम झाल्यावर ते मनातून खोडलं जायला हवं. तरुण मेंदू हे सहसा नीट करतो. रोजच्या सवयीच्या कामात वयस्क मेंदूला प्रश्न पडतो की गोळी घेतल्याची ही आठवण आजची की कालची? शेकडो दिवसांच्या शेकडो सारख्या आठवणी एकमेकींवर बसलेल्या असतात. मग गोळी दुसऱ्यांदा घेतली जाते. म्हणून वारांचे कप्पे असलेली डबी लक्षात राहण्यासाठी जितकी उपयोगी, त्याहून जास्त "झालं" हे दाखवण्यासाठी आहे. आजचा कप्पा रिकामा आहे की नाही, एवढंच बघायचं. रक्त पातळ करणाऱ्या किंवा साखरेच्या गोळ्यांच्या बाबतीत हा रिकामा कप्पा फार मोठी गोष्ट आहे.

इथवरची गोष्ट वयाची. ढोबळमानाने पाहिलं तर वयाबरोबर मेंदूचे सगळे भाग सारखे आकसत नाहीत. कपाळामागचा पुढचा भाग, ज्याला फ्रंटल लोब म्हणतात, त्याला झीज जास्त लागते. वयस्कांच्या या विसरण्याचं एक मूळ तिथे आहे असं मानलं जातं. पण तोच भाग अपघातात, गाठीमुळे किंवा रक्तस्रावामुळे एकाएकी जखमी झाला, तर चित्र वेगळंच आणि जास्त क्रूर असतं.

टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ मध्ये डोक्याला इजा झालेल्या तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक, ज्याचा उल्लेख एपी या आद्याक्षरांनी केला जातो, तो पुढे या विषयातला मापदंडच ठरला. विशीत अपघात, आणि दोन्ही बाजूंच्या पुढच्या भागाला इजा. बुद्ध्यंक १३०, म्हणजे शंभरातल्या जवळजवळ सगळ्यांच्या वर. बोलणं छान, वागणं सभ्य, आणि फ्रंटल लोबच्या नेहमीच्या चाचण्यांतही तो व्यवस्थित पास होत असे. पण नोकरीवर तो पूर्वीसारखा परतू शकला नाही. रोजची कामं विस्कटत, वेळा चुकत, ठरवलेलं राहून जाई. तपासणीच्या खोलीत निर्दोष आणि खोलीबाहेर असहाय.

मग त्यांनी खोलीबाहेरच्या जगासारखी चाचणी तयार केली. पंधरा मिनिटं, सहा छोटी कामं. तीन प्रकार आणि प्रत्येकाचे दोन भाग, जसं की प्रवासाचा मार्ग बोलून सांगणं, गणितं सोडवणं, चित्रांची नावं लिहिणं. सगळी पूर्ण होणं शक्य नाही, ती पूर्ण करायचीही नाहीत. प्रत्येकाला थोडा थोडा हात लागला पाहिजे, आणि एकाच प्रकारचे दोन भाग लागोपाठ करायचे नाहीत. एवढंच. कोणतंही काम अवघड नाही. अवघड आहे ते गणितं चांगली जमत असताना मध्येच थांबून, "आता पुढच्याकडे वळायला हवं" असं स्वतःला सांगणं. घंटा वाजत नाही, कुणी खुणावत नाही. या रुग्णांना ते जमलं नाही. सुटी कामं येत असूनही त्यांची सांगड घालणं त्यांच्या आवाक्याबाहेर राहिलं.

आईच्या चार वाजताच्या थेंबांत आणि यात एकच धागा आहे, हातातल्या कामातून स्वतःहून बाहेर येणं. पण एक फरकही आहे, आणि तो मला अस्वस्थ करतो. वयस्क माणसाच्या हातून हेतू निसटतो. फ्रंटल इजा झालेल्या माणसाकडे हेतू असतो, पण तो वागण्याला पकडत नाही. जॉन डंकन यांनी १९९६ मध्ये हे फार स्वच्छ दाखवलं. पडद्यावर डावी-उजवीकडे अक्षरं येत, एका बाजूची वाचायची. मध्ये एक चिन्ह येई, अधिक किंवा वजा, आणि त्यावरून पुढे कोणती बाजू वाचायची ते ठरे. काही रुग्ण चिन्हाकडे पूर्ण दुर्लक्ष करून जुन्याच बाजूची अक्षरं वाचत राहिले. नंतर विचारलं, चिन्हाचं काय करायचं होतं? त्यांनी नियम बिनचूक सांगितला. विसरले नव्हतेच. माहीत होतं आणि केलं नाही. या प्रकाराला डंकन यांनी ध्येयाची उपेक्षा म्हटलं. त्याच्या कितीतरी आधी रशियातले अलेक्झांडर लुरिया यांनीही असे रुग्ण नोंदवले होते, जे "दिवा लागला की हात दाबायचा" असं तोंडाने म्हणत, आणि दिवा लागल्यावर हात मात्र हलत नसे.

ज्या घरात असा माणूस आहे तिथे या एका गोष्टीने सगळं नातं नासतं. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांच्या पत्नीने मला विचारलं होतं, "ह्यांना विचारलं की सगळं सांगतात, मुलीला शाळेतून किती वाजता आणायचं, कोणत्या दारापाशी उभं राहायचं. मग जात का नाहीत? माहीत असून न जाणाऱ्याला मी आजारी कशी म्हणू?" प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या मनात जाणणं आणि करणं इतकं घट्ट जोडलेलं असतं की त्यांच्यामध्ये एक सांधा आहे आणि तो वेगळा तुटू शकतो, हे पटत नाही. पण सांधा आहे. मेंदूच्या अगदी पुढच्या टोकाचा भाग, ज्याला मेंदूच्या भागांना क्रमांक देणाऱ्या ब्रॉडमनच्या नकाशात १० क्रमांक आहे, तो माणूस पुढच्या कामाचा हेतू मनात बाळगून दुसरं काम करत असताना सक्रिय होतो, असं बर्जेस यांच्या गटाने मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवलं. त्यांचं म्हणणं असं की बाहेर दिसणाऱ्या गोष्टींत गुंतलेलं लक्ष मनातल्या हेतूकडे वळवणं आणि परत आणणं, हे त्या भागाचं काम असावं. याच गटाच्या नंतरच्या अभ्यासात उजव्या टोकाला इजा झालेल्यांची वेळेवर आधारलेली कामं चुकत होती, आणि समोरची खूण बघून करायची कामं मात्र ते नीट करत होते.

त्या गृहस्थांना आधी डायरी दिली गेली होती. सगळे डायरीच देतात. त्यात सगळं लिहिलेलं होतं, सुवाच्य अक्षरात. पण डायरी उघडून बघायची आहे, हे कधी आठवणार? डायरी बघणं हेही पुढे करायचं कामच आहे. ज्याची न विचारता आठवण येण्याची वाट बंद आहे, त्याला आपण त्याच वाटेने चालायला सांगतो, आणि मग डायरी न उघडता पडून राहिली की त्यालाच दोष देतो.

२००७ चा एक अभ्यास इथे मला फार मोलाचा वाटतो. जेसिका फिश, जॉनथन एव्हान्स, टॉम मॅनली आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या २० जणांना रोज चार ठरलेल्या वेळी एका व्हॉइसमेलवर फोन करायला सांगितलं, कामाचे दहा दिवस. त्याआधी त्यांना शिकवलं की मोबाइलवर STOP असा संदेश आला की हातातलं थांबवायचं आणि आपल्याला काय काय करायचं ठरलं आहे याचा क्षणभर विचार करायचा. त्यातल्या निम्म्याच दिवशी असे संदेश आले, ठरलेल्या वेळांपासून दूर, इतर कोणत्याही क्षणी. संदेशात फोनचा उल्लेखसुद्धा नव्हता. तरीही ज्या दिवशी संदेश आले, त्या दिवशी फोन जास्त वेळा आणि जास्त वेळेवर झाले.

नीट पाहिलं तर हा सगळ्या वादाचा निकाल आहे. मजकूर हरवला असता, तर मजकूर नसलेल्या संदेशाने काहीच साधलं नसतं. हवं होतं ते फक्त हातातल्या कामातून अलगद बाहेर काढणारं काहीतरी. बाहेर आल्यावर उरलेलं काम त्या माणसांनी स्वतःच केलं. म्हणजे हेतू होता, इच्छाही होती.

त्या गृहस्थांसाठी आम्ही दोन्ही वापरलं. दिवसातून काही वेळा अचानक येणारा बिनमजकुराचा संदेश, आणि मुलीला आणायच्या वेळेसाठी स्पष्ट शब्दांतला वेगळा संदेश. कारण जिथे चुकून चालणार नाही, तिथे बिनमजकुराच्या इशाऱ्यावर विसंबायचं नाही. शिवाय "मी मुलीला आणायला जाईन" हे वाक्य बदलून "फोनवर 'मुलगी' असं दिसलं की मी उठून चपला घालेन" असं केलं. अमुक दिसलं की तमुक करीन, असा जोड आधीच बांधून ठेवणं. पीटर गोल्विट्झर यांनी नव्वदच्या दशकात ही पद्धत मांडली. २००४ मध्ये लिंडा लिऊ आणि डेनिस पार्क यांनी मधुमेह नसलेल्या वयस्कांना घरी रोज चार वेळा रक्तातली साखर तपासायला सांगून तिचा कस पाहिला. आपण ते काम नेमकं कुठे, काय करत असताना करू, याचं चित्र ज्यांनी एकदाच, काही मिनिटं डोळ्यांसमोर आणलं होतं, त्यांनी नुसती सूचना घोकणाऱ्यांपेक्षा ते काम कितीतरी जास्त वेळा केलं. इथे चित्र नेमकं असावं लागतं. "संध्याकाळी करीन" याला काही अर्थ नाही. "संध्याकाळी दिवा लावायला उठले की" याला आहे, कारण दिवा आपणहून समोर येतो.

या सगळ्याच्या मर्यादा आहेत. आपल्याला काही होत नाही असं ज्याला प्रामाणिकपणे वाटतं, तो संदेशाला हातही लावत नाही, आणि फ्रंटल इजेत हे भान जाणं नवं नाही. इशारे फार झाले की ते कानाला नेहमीचे होतात. पण सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न वेगळाच असतो, "ह्याची सवय लागली तर काय? कधीतरी स्वतःचं स्वतः जमायला नको का?" घरचे काही आठवड्यांत संदेश बंद करून बघतात, परीक्षा घेतल्यासारखे.

त्यावर बार्बरा विल्सन यांच्या गटाचं काम आहे. कमरेला लावायच्या पेजरवर ठरलेल्या वेळी काम आठवून देणारी सेवा त्यांनी १४३ जणांवर तपासली आणि २००१ मध्ये निकाल छापले. पेजर असताना ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांची कामं लक्षणीय सुधारली. काहींना तर सात आठवड्यांनी पेजर काढून घेतल्यावरही सुधारणा टिकली, कारण तोवर काम दिनक्रमात रुजलं होतं. पण २००८ मध्ये त्याच आकडेवारीत खोल शिरल्यावर दिसलं की अपघाताने इजा झालेल्यांची सुधारणा टिकली, आणि पक्षाघातासारख्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने इजा झालेले पेजर काढताच मूळ पातळीवर आले. या फरकाचा संबंध नियोजनाची, स्वतःला वळवण्याची क्षमता किती शाबूत आहे याच्याशी होता. ज्यांची ती क्षमता जास्त गेली होती, त्यांचं काम दिनक्रमात रुजत नव्हतं.

म्हणून त्या पत्नीला मी सांगितलं की संदेश बंद करून बघायचे असतील तर आधी बिनमहत्त्वाच्या कामाचे बंद करा, दोन आठवडे नोंद ठेवा, आणि मुलीच्या वेळेचा संदेश मात्र चालू राहू द्या. त्यांनी तसं केलं. झाडांना पाणी घालायचं संदेशाशिवायही चालू राहिलं, औषध घेणं मात्र चुकू लागलं. औषधाचा संदेश पुन्हा सुरू केला, आणि तो आता कायम ठेवायचा असं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं आहे.